कॅम्पसला कंपनी येत नाही तेव्हा: लोटे एमआयडीसीत केमिस्टची पहिली नोकरी कशी शोधायची

निकाल लागला की आठवड्याभरात मला फोन यायला लागतात. कधी खेडहून, कधी गुहागरकडच्या एखाद्या वाडीतून. "ताई, बीएस्सी झालं. तुमच्याकडे काही आहे का?" मी लोटे एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्याच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे, चौदा वर्षं झाली. फोनवर जे तुकड्यातुकड्याने सांगते, ते एकदा सलग लिहून काढते आहे.

हे लिखाण मुख्यतः केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेल्यांसाठी आहे. आपल्या कॉलेजांत कॅम्पस ड्राइव्ह म्हणजे वर्षातून एखादी बँक किंवा कॉल सेंटरवाले. कारखाने येत नाहीत, कारण त्यांना एका वेळी पन्नास पोरं नको असतात. त्यांना दोन हवी असतात, तीही पुढच्या सोमवारी. दोन जागांसाठी कोणी हॉल घेऊन बसत नाही. मग त्या जागा गेटवर, ओळखीतून किंवा कंत्राटदाराकडून भरल्या जातात आणि बाहेर कोणाला पत्ता लागत नाही. त्या जागा निघण्याआधी किंवा निघता निघता कळाव्यात, एवढंच आपल्याला साधायचं आहे.

जागा कुठे निघते ते आधी समजून घ्या

क्यूसीचं एक टेबल चोवीस तास चालतं असं धरा. दिवसाला तीन पाळ्या, आठवड्याला एकवीस. एक माणूस आठवड्याला सहा पाळ्या करतो. म्हणजे एका खुर्चीसाठी साडेतीन माणसं लागतात, प्रत्यक्षात चार. नवीन प्लांट सुरू होऊन लॅबमध्ये दोन खुर्च्या वाढल्या तर आठ माणसं लागतात, आणि प्रॉडक्शनमध्ये त्याहून जास्त. उलट, चालू प्लांटमधला एक जण सोडून गेला तर जागा एकच निघते, पण ती तातडीची असते, कारण उरलेले तिघे डबल ड्युटी करून वैतागलेले असतात.

म्हणून शोध दोन प्रकारे करायचा: कोणता कारखाना वाढतो आहे ते बघायचं, आणि कुठून माणसं सोडून जातात ते बघायचं. दुसऱ्याचा हंगाम मला इतक्या वर्षांत पाठ झाला आहे. दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर आणि एप्रिलची पगारवाढ झाल्यावर अनुभवी पोरं तळोजा, पाताळगंगा किंवा गुजरातकडे निघतात. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबर आणि मे-जून या दिवसांत टेबलं रिकामी होतात. निकाल लागल्यावर सगळे एकदम अर्ज करतात आणि सप्टेंबरमध्ये गणपतीनंतर दमून गप्प बसतात. नोव्हेंबरात अर्ज करणारा जवळजवळ कोणीच नसतो.

कोणता कारखाना वाढतो आहे हे कळायला कोणाची ओळख लागत नाही. हे फार कमी जणांना माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रत्येक कारखान्याला संमतीपत्र देतं, आम्ही त्याला कन्सेंट म्हणतो. मंडळाच्या mpcb.gov.in या संकेतस्थळावर दिलेली संमतीपत्रं बघायला मिळतात. त्यात कारखान्याचं नाव, प्लॉट क्रमांक, काय बनवतात आणि महिन्याला किती बनवायची परवानगी आहे, सांडपाणी किती, बॉयलर कोणता, सगळं लिहिलेलं असतं. संमती दोन टप्प्यांत मिळते. आधी उभारणीची, म्हणजे कन्सेंट टू एस्टॅब्लिश. मग चालवण्याची, म्हणजे कन्सेंट टू ऑपरेट. जुन्या कारखान्याला विस्तारासाठी उभारणीची संमती मिळाली असेल तर आत बांधकाम चालू असेल, भरती पुढे कधीतरी. चालवण्याची संमती नुकतीच मिळाली असेल तर माणसं आत्ता लागणार. पहिल्या प्रकारचं नाव वहीत लिहून ठेवायचं, दुसऱ्या प्रकारच्या गेटवर त्याच आठवड्यात जायचं.

दुसरी खूण वर्तमानपत्रात असते. मोठ्या विस्ताराला पर्यावरण मंजुरी लागते, आणि ती मिळाली की कंपनीला स्थानिक वर्तमानपत्रांत तशी जाहिरात द्यावी लागते, त्यातली एक मराठीत. 'सागर', 'रत्नागिरी टाइम्स' यांच्या आतल्या पानांत चौकटीतली ती रुक्ष जाहिरात तुम्ही शंभर वेळा ओलांडून पुढे गेला असाल. "अमुक कंपनीच्या प्रस्तावित विस्तारास पर्यावरणविषयक मंजुरी देण्यात आली आहे" असा तिचा मजकूर असतो. माझ्या दृष्टीने नोकरीची खरी जाहिरात तीच, फक्त साधारण वर्षभर आधी छापलेली.

तिसरी खूण गेटवरच टांगलेली असते. घातक कचरा तयार करणाऱ्या कारखान्याने फाटकाबाहेर माहितीचा फलक लावायचा असतो. त्यावर कोणती रसायनं वापरतात, सांडपाण्याचा पीएच आणि सीओडी किती, घातक कचरा किती, हे लिहिलेलं असतं. मोबाईलवर फोटो काढा. मुलाखतीत "आमच्या कंपनीबद्दल काय माहीत आहे?" असं विचारतात तेव्हा बहुतेक पोरं "नामांकित कंपनी आहे" एवढं सांगून थांबतात. ज्याने फलक वाचला आहे तो सांगतो की तुम्ही क्लोरिनेशन करता, सांडपाणी शुद्ध करणारं तुमचं स्वतःचं ईटीपी आहे. तिथेच आमच्याकडचा माणूस खुर्चीत जरा पुढे सरकतो.

यादी करताना

माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं उदाहरण घेते. दापोली तालुक्यातलं गाव, मुंबई विद्यापीठाची बीएस्सी, गुण ना फार चांगले ना वाईट. जुलैत ती माझ्याकडे खेडला राहायला आली. पहिल्या आठवड्यात आम्ही एकही अर्ज केला नाही, फक्त वही केली. एमआयडीसीच्या रस्त्यांवरून स्कूटीवर फिरून आणि संमतीपत्रं चाळून अडतीस नावं निघाली.

मग गाळणी लावली. जिथे फक्त मिश्रण आणि पॅकिंग होतं तिथे लॅब नावापुरती असते, ती नावं गेली. जिथे औषधं बनतात तिथल्या जाहिरातींत पुष्कळदा 'एफडीए अप्रूव्हड केमिस्ट' मागतात. म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने ज्याला मान्यता दिली आहे असा अनुभवी माणूस. नवख्याने त्या जागेला अर्ज करून उपयोग नाही, पण त्याच कारखान्यात ट्रेनी हवा आहे का, हे विचारायला हरकत नाही. जिथे जायला बस नाही ती नावं तिने स्वतःच काढली. शेवटी बारा उरली.

लोट्याखेरीज महाड, रोह्याजवळचं धाटाव आणि रसायनी-पाताळगंगा इथेही हीच पद्धत चालते. रत्नागिरीकडच्यांनी रनपारचा फिनोलेक्सचा प्रकल्प, अलिबागकडच्यांनी थळचा आरसीएफचा खत कारखाना यादीत धरावा. पण मोठ्या आणि सरकारी कंपन्यांची भरती त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या जाहिरातीने होते, त्यांच्या गेटवर उभं राहून काही होत नाही. गेटवर जाणं उपयोगी पडतं ते पन्नास ते तीनशे माणसांच्या कारखान्यात.

ॲप्रेंटिसचा दरवाजा

"अनुभव नाही म्हणून घेत नाहीत, आणि घेत नाहीत म्हणून अनुभव नाही" हे गाऱ्हाणं मी दरवर्षी ऐकते. त्यातून बाहेर पडायची कायद्याने ठेवलेली एक वाट आहे आणि ती आपल्याकडे फार कमी वापरली जाते.

१९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली, तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. एकूण मनुष्यबळाच्या किमान अडीच टक्के, जास्तीत जास्त पंधरा टक्के. यात कंत्राटी माणसंही मोजली जातात. एका कारखान्यात १२० कायम आणि ८० कंत्राटी असतील तर एकूण झाले २००, म्हणजे किमान पाच ॲप्रेंटिस हवेतच. पुष्कळ ठिकाणी हे पाच आयटीआयच्या पोरांनी भरून टाकतात, कारण एचआरला तेवढंच सुचतं. बीएस्सीवालाही पदवीधर ॲप्रेंटिस म्हणून चालतो, हे तुम्ही जाऊन सांगायचं. हा विनोद नाही, मी स्वतः आमच्या एचआरला सांगितलं होतं.

पदवीधरांसाठीची योजना 'नॅट्स' या नावाने ओळखली जाते. नोंदणी nats.education.gov.in वर होते आणि पश्चिम विभागाचं मंडळ मुंबईत आहे. काम असं चालतं: आधी तुम्ही विद्यार्थी म्हणून नोंदणी करायची, गुणपत्रिका आणि फोटो चढवायचे. मग आस्थापना शोधून तिच्याकडे अर्ज करायचा. कंपनीने निवडलं की पोर्टलवर करार तयार होतो, तो तुम्ही स्वीकारायचा. करार साधारण वर्षाचा. शेवटी मंडळाचं प्रमाणपत्र मिळतं.

विद्यावेतन २०१९ च्या नियमांनी पदवीधराला महिना किमान ९,००० रुपये ठरवलं. त्यानंतर आकडे वाढवण्याची चर्चा झाली आहे, तेव्हा तुमच्या करारावर जो आकडा छापलेला असेल तोच खरा माना. किमान रकमेचा अर्धा भार सरकार उचलतं. म्हणजे कंपनीला तुम्ही निम्म्या खर्चात पडता. एचआरशी बोलताना हे एक वाक्य बोलून दाखवायला लाजू नका, छोट्या कारखान्यात ते कित्येकांना ठाऊक नसतं. सरकारी वाटा आधारला जोडलेल्या बँक खात्यात येतो, म्हणून नोंदणीपूर्वी बँकेत जाऊन जोडणी झाली आहे ना ते बघा. भाचीचं खातं गावच्या बँकेत शाळेत असताना काढलेलं, आधार जोडलेलं नव्हतं. तेवढ्या एका गोष्टीत तीन आठवडे गेले.

आता या वाटेच्या मर्यादाही सांगते. कायद्याने ॲप्रेंटिस हा कामगार नाही, शिकाऊ आहे. त्यामुळे पीएफ नाही आणि वर्षानंतर ठेवून घेण्याची हमी नाही. ठेवायचं की नाही हे कंपनीचं धोरण. आणि ही संधी एकदाच मिळते. एकदा पदवीधर ॲप्रेंटिसशिप केली की दुसऱ्या कंपनीत पुन्हा करता येत नाही, आणि कुठे वर्षभर नोकरी केली असेल तरी पात्रता जाते. म्हणून घराजवळ आहे एवढ्यासाठी रिकाम्या लॅबमध्ये वर्ष घालवू नका. करारावर सही करण्याआधी लॅब बघायला मागा. एचपीएलसी किंवा जीसी चालू आहे का, की कापडाखाली झाकलेलं आहे? ॲप्रेंटिसला हात लावू देतात का, की फक्त नमुने आणायला पाठवतात? आधीच्या ॲप्रेंटिसशी दोन मिनिटं बोलायला मिळालं तर त्याहून चांगलं.

एक फसवणूकही ओळखून ठेवा. काही ठिकाणी तोंडी 'ॲप्रेंटिस' म्हणून घेतात, महिन्याला रोख देतात आणि पोर्टलवर करारच करत नाहीत. वर्षानंतर हातात काहीच राहत नाही. कराराला क्रमांक असतो आणि तो तुमच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये दिसतो. पंधरा दिवसांत दिसला नाही तर विचारा, महिन्यात दिसला नाही तर काय ते समजा.

याशिवाय राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली. तिची नोंदणी rojgar.mahaswayam.gov.in वर होते आणि पदवीधराला महिना १०,००० रुपये ठरले होते. त्याच पोर्टलवर जिल्ह्याच्या रोजगार मेळाव्यांची आणि तिथे येणाऱ्या कंपन्यांची माहिती असते. नोंदणी करून ठेवा, तासाभराचं काम आहे. मेळाव्याला जायचं तर आदल्या दिवशी कंपन्यांची यादी बघून जा, नाहीतर विमा एजंटांच्या टेबलांवर दिवस जातो.

गेट, ईमेल आणि एक पान

ईमेल पाठवायचा तो विषयाच्या ओळीसकट नीट पाठवा. रोज चाळीस ईमेल 'Resume' एवढ्याच विषयाने येतात. असं लिहा:

```
Trainee Chemist QC - BSc Chemistry 2025 - Khed - shift OK
```

पद, पदवी आणि वर्ष, राहण्याचं ठिकाण, पाळीची तयारी. उघडायच्या आधी एवढं दिसलं की आमचं निम्मं काम झालं. राहण्याचं ठिकाण आम्ही खरंच बघतो. परशुराम घाटाच्या वरून येणारा माणूस पावसाळ्यात दरड कोसळली की अडकतो, हे लोट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. खेड किंवा लोट्यातच खोली घ्यायची तयारी असेल तर तसं लिहा.

रेझ्युमे एक पान. 'हार्डवर्किंग', 'टीम प्लेयर' हे सगळं काढून टाका आणि त्या जागी कॉलेजच्या प्रयोगशाळेत हाताने काय केलं ते लिहा: टायट्रेशन, पीएच मीटर, मेल्टिंग पॉइंट, टीएलसी, कलरीमीटर. जे फक्त औद्योगिक भेटीत काचेबाहेरून पाहिलं ते 'पाहिलं' म्हणून वेगळं लिहा. एचपीएलसी लिहून टाकलं आणि मोबाइल फेज म्हणजे काय यावर गडबडलात, तर पुढची खरी उत्तरंही आम्हाला खोटी वाटायला लागतात. मुंबई विद्यापीठाचा सीजीपीए टक्क्यांत मागतात, तो आधीच बदलून लिहा. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतरच येतं, तोवर कॉलेजकडून तात्पुरतं प्रमाणपत्र घेऊन ठेवा.

गेटवर जायचं तर सकाळी नऊला नको. तेव्हा पाळी बदलते, बसेस लागलेल्या असतात आणि सिक्युरिटीवाला वैतागलेला असतो. साडेदहा-अकराला जा. 'एचआरला भेटायचंय' असं म्हणू नका, 'टाइम ऑफिसमध्ये रेझ्युमे द्यायचाय' म्हणा. सिक्युरिटीवाल्याला तो शब्द कळतो आणि हजेरी बघणारं टाइम ऑफिस गेटला लागूनच असतं. रेझ्युमे ठेवून निघताना "क्यूसीचे इन्चार्ज कोण?" एवढं विचारून घ्या आणि दोन आठवड्यांनी त्यांच्या नावाने ईमेल करा. भाचीने बारा ठिकाणी ईमेल केले, एकच उत्तर आलं. गेटवर सात ठिकाणी गेली, तिथून तीन मुलाखती निघाल्या.

मुलाखतीत काय विचारतो

मी स्वतः नवख्याला जवळजवळ नेहमी एकच प्रश्न विचारते. ०.१ नॉर्मल NaOH एक लिटर बनव आणि त्याची नॉर्मॅलिटी काढ. पुस्तकातला सोपा प्रश्न आहे, पण माणूस हाताने काम केलेला आहे की पाठ केलेला, ते पाच मिनिटांत कळतं.

चार ग्रॅम NaOH एक लिटरमध्ये, हे सगळे सांगतात. मग मी विचारते, चार ग्रॅम अगदी नेमकं तोललंस तर स्टँडर्डाइज कशाला करायचं? इथे पन्नास टक्के गळतात. उत्तर असं की NaOH हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे तोललेलं वजन पूर्ण NaOH चं नसतं. म्हणून केएचपी घ्यायचं. ते कोरडं आणि स्थिर असतं, त्याचं वजन विश्वासाचं. केएचपीचं आण्विक वजन २०४.२२. ते ०.५१०५ ग्रॅम घेतलं तर ते ०.००२५ मोल झालं. द्रावण अगदी ०.१ नॉर्मल असेल तर ब्युरेट २५.० मिलीला थांबेल. समजा ती २५.४ मिलीला थांबली. मग ०.००२५ ला ०.०२५४ लिटरने भागायचं, उत्तर येतं ०.०९८४. द्रावण जरासं कमकुवत आहे. हाच आकडा बाटलीवर लिहायचा, तारखेसकट आणि सहीसकट. "०.१ च्या जवळ आहे, तेच लिहू" असं म्हणणारा माझ्याकडे पास होत नाही, कारण त्या बाटलीवर पुढे आठवडाभर बॅचेस पास-नापास होणार असतात.

याखेरीज ॲसिड पाण्यात घालायचं की पाणी ॲसिडात, एमएसडीएस म्हणजे काय, आणि अंगावर रसायन उडालं तर पहिल्यांदा काय करशील, हे तिन्ही प्रश्न जवळपास सगळीकडे येतात. इंग्रजी बोलायला लावतील या भीतीने पोरं अर्धमेली होऊन येतात. लोट्यात मुलाखती मराठी-हिंदीतच होतात. इंग्रजी लागतं ते लॉगबुक लिहायला आणि एसओपी वाचायला, ते वाचायला देतात.

मुलींसाठी वेगळं सांगायला हवं. बहुतेक कारखाने मुलींना प्रॉडक्शनच्या रात्रपाळीत घेत नाहीत. क्यूसी, आर अँड डी आणि क्यूएची कागदपत्रं ही आपली जागा असं ते ठरवून बसलेले असतात. मला ते पटत नाही, पण अर्ज करताना हे माहीत असावं. "पाळीला तयार" लिहायचं असेल तर पहिली आणि दुसरी पाळी असं स्पष्ट लिहा, आणि दुसरी पाळी सुटल्यावर कंपनीची गाडी कुठपर्यंत सोडते ते मुलाखतीतच विचारा. भरणे नाक्यावर सोडतो म्हणाले तर पुढे घरापर्यंत कसं जायचं, हा प्रश्न तुमचा उरतो.

कंत्राटदाराची वाट

माझी स्वतःची सुरुवात कंत्राटदाराच्या हजेरीवर झाली. काम लॅबमध्ये, कागदावर पद 'हेल्पर'. वर्षभराने दुसरीकडे अर्ज केला तेव्हा अनुभवाच्या पत्रावर हेल्परच लिहिलेलं होतं आणि ते वर्ष कोणी मोजलं नाही. पीएफ कापलेला होता, पण भरलेला नव्हता, हे मला खूप उशिरा कळलं.

ही वाट वाईटच असते असं नाही, लोट्यातले कित्येक चांगले केमिस्ट तिथूनच आत आले. पण सही करण्याआधी तीन गोष्टी बघा. नेमणुकीच्या पत्रावर 'केमिस्ट' किंवा 'ट्रेनी केमिस्ट' असं लिहून घ्या, हेल्पर नको. पीएफचा यूएएन क्रमांक पहिल्या महिन्यात मागा आणि दुसऱ्या महिन्यात पासबुक उघडून पैसे जमा झालेत का ते स्वतः बघा. तो क्रमांक आयुष्यभर एकच राहतो, पुढच्या कंपनीत नवीन काढू देऊ नका. आणि पगार सांगतात तो हातात येणारा की कापण्यापूर्वीचा, हे तेव्हाच विचारा. 'सगळं धरून पंधरा' यात पीएफचा कंपनीचा वाटा, बोनस आणि कधीकधी जेवणाचे पैसेही धरलेले असतात.

कोणी लॅबमध्ये जागा देतो म्हणून पैसे मागितले, किंवा मूळ गुणपत्रिका ठेवून घेतो म्हणाले, तर तिथून उठा. प्रती द्यायच्या, मूळ कागद दाखवून परत घ्यायचे.

बीए, बीकॉमवाल्यांसाठी थोडक्यात

याच कारखान्यांत बीकॉमवाला स्टोअर, डिस्पॅच आणि अकाउंट्समध्ये लागतो. पद्धत तीच, फक्त टाइम ऑफिसमध्ये 'कमर्शियल' म्हणून सांगा. कोकण रेल्वेही नॅट्समधून ॲप्रेंटिस घेते आणि २०२४ च्या तिच्या भरतीत इंजिनिअरांबरोबर साधे पदवीधरही होते. घरची जमीन रेल्वेत गेली असेल तर तसा कागद आजोबांच्या पेटीतून शोधून ठेवा, तो जाहिरात निघाल्यावर शोधायला वेळ नसतो.

भाचीचं पुढे काय झालं

तीन मुलाखतींपैकी पहिल्या ठिकाणी तिला केएचपी आठवलं नाही. दुसऱ्या ठिकाणी कंत्राटदाराकडून घेतो म्हणाले, पद हेल्पर. ती नको म्हणाली आणि घरी चार दिवस कोणी तिच्याशी धड बोललं नाही. तिसऱ्या कारखान्याला ॲप्रेंटिस घ्यायचे होते, पण बीएस्सीचा नॅट्समध्ये करार कसा करायचा ते त्यांच्या एचआरला माहीत नव्हतं. ती लॅपटॉप घेऊन दोन दुपारी त्यांच्यासोबत बसली आणि आस्थापनेची नोंदणी करून दिली. ऑक्टोबरात करार झाला. कंपनीचा वाटा महिन्याच्या सात तारखेला यायचा, सरकारचा मात्र कधी दोन महिने अडकायचा. खोलीचं भाडं त्या हिशेबाने ठरवावं लागलं.

पहिले तीन महिने फक्त टायट्रेशन आणि ओलाव्याच्या चाचण्या. चौथ्या महिन्यापासून जीसी. ती रोज काय चालवलं ते स्वतःच्या वहीत लिहायची: उपकरण, कॉलम, काय बिघडलं, कसं सुधारलं. कंपनीचे बॅचचे आकडे आणि प्रक्रिया मात्र लिहायची नाही, ती गुपितं असतात आणि तशी वही पकडली गेली तर नोकरी जाते. मेमध्ये समोरच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यातून जीसीचा माणूस गुजरातला निघून गेला. त्या कारखान्याच्या विस्ताराची जाहिरात आम्ही आदल्या जुलैत कापून वहीत चिकटवली होती. करार ऑक्टोबरात संपेपर्यंत ते थांबायला तयार झाले, कारण दुसरी खुर्ची तेव्हाच सुरू होणार होती. पत्रावर 'ट्रेनी केमिस्ट, क्यूसी' असं छापलेलं आहे. ते पत्र घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा मी आधी पदाचं नाव वाचलं, मग पगार, आणि मग बस खेडला कुठे थांबते ते विचारलं.